शनिवारी बियर पाणचट, मंगळवारी झकास: कूलर बिघडलेला नसतो तेव्हा

मालवण ते देवगड पट्ट्यात फ्रिज, डीप फ्रीझर आणि काचेच्या दाराचे कूलर दुरुस्त करणं हा माझा धंदा. मे महिन्यात एक फोन ठरलेला असतो. या वर्षी तो तारकर्लीहून आला. किनाऱ्यालगत परमिट रूम आणि मागे खानावळ चालवणारे आमच्या ओळखीचे आबा फोनवर म्हणाले, "कूलर बिघडलो हा. गिऱ्हायकां म्हणतत, बियरीत पाणी घातलंस."

बियर पाणचट लागते म्हणून फ्रिजवाल्याला बोलावतात, याचं मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही, कारण दहातल्या सात वेळा दोष खरोखर थंडीचाच निघतो. मात्र कूलर कमी थंड करतो असं नसतं, बियर जास्त थंड झालेली असते. माझा मावसभाऊ पुण्यात ब्रूअरीत कामाला आहे. त्याच्याकडून या विषयाची अर्धी बाजू शिकलो, उरलेली अर्धी थर्मामीटरने शिकवली. दर सीझनला तेच तेच समजावावं लागतं, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

आबांची तक्रार तीन तुकड्यांत होती. छोट्या बाटलीतली विटबियर, म्हणजे गव्हाची, संत्र्याची साल आणि धणे घातलेली बियर, पाण्यासारखी लागते. कॅनमधली स्टाउट जळकी कडू लागते. आणि साडेसहाशे मिलीची लागर उघडली की अर्धी टेबलावर सांडते. हे सगळं फक्त शनिवार-रविवारी होतं. त्याच पेटीतली बाटली मंगळवारी उघडली तर काही तक्रार नाही.

शेवटचं वाक्य ऐकलं की निम्मं काम झालं समजायचं. माल खराब असता तर तो मंगळवारीही खराबच लागला असता.

आधी मोजा, आणि ग्लासात मोजा

कूलरच्या दारावरचा आकडा कूलरमधल्या हवेचा असतो. बियर किती थंड आहे हे तो सांगत नाही. सुईसारखं टोक असलेला, स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल थर्मामीटर घ्या. तो खरा आहे का हे आधी बघा: पेल्यात बर्फाचा चुरा आणि गोडं पाणी कालवून त्यात टोक बुडवा, शून्याच्या आसपास दाखवायला हवा. मग बियर नेहमीसारखी ग्लासात ओता, टोकाने एकदा ढवळा आणि आकडा वाचा. गिऱ्हाईक बाटलीतलं तापमान पीत नाही, ग्लासातलं पितं.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आबांकडे जाऊन बसलो. गोठवलेल्या मगात ओतलेली विटबियर १ अंश. स्टाउटही १. बाहेर ठेवलेल्या बर्फाच्या ड्रममधल्या पाण्यात टोक घातलं तर उणे ५. आणि त्या ड्रममधल्या लागरच्या बाटलीत, दिव्यासमोर धरल्यावर, बर्फाच्या बारीक सुया तरंगत होत्या.

कूलर मात्र ठणठणीत होता. आत ४ अंश. फक्त तो जवळजवळ रिकामा होता, कारण त्यातला बहुतेक माल दुपारी चारलाच संपला होता. त्यानंतर आबांचा पोरगा बाटल्या दोन ठिकाणी थंड करत होता. काही मासळीच्या डीप फ्रीझरमध्ये, जो उणे १८ वर चालतो. उरलेल्या ड्रममध्ये, ज्यात त्याने बर्फ लवकर काम करावा म्हणून दोन ओंजळी जाडं मीठ टाकलं होतं. मंगळवारी गर्दी नसते, कूलर पुरतो आणि बियर बरी लागते. शनिवारचं कोडं इथेच सुटलं होतं. पण आबा मानेनात. त्यांचं म्हणणं, "बियर जितकी थंड तितकी चांगली. थंड जास्त झाली म्हणून चव कशी जाईल?"

धण्याची परीक्षा

वाद घालण्यापेक्षा तीन ग्लास मांडले. एकाच पेटीतली विटबियर. एक फ्रीझरमधली, १ अंश. एक कूलरच्या तळातली, साध्या ग्लासात ओतल्यावर ७ अंश. तिसरी टेबलावर ठेवून १५ अंशांपर्यंत येऊ दिलेली. वहिनी, म्हणजे आबांची सून, बियर पीत नाहीत. पण त्या दिवशी सकाळीच त्यांनी वर्षाचा मालवणी मसाला कुटायला दिला होता. त्यांना म्हटलं, पिऊ नका, फक्त वास घ्या आणि काय आठवतं ते सांगा.

पहिल्या ग्लासाला काहीच नाही. "थंडगार वास येता," एवढंच. दुसऱ्या ग्लासाशी नाक नेलं आणि लगेच म्हणाल्या, "धणे! ओले धणे, आणि मोसंब्याची साल." तिसऱ्यात धणे होते, पण सोबत पिकल्या केळ्यासारखा जड वास आणि थोडा आंबूस पिठाचा.

बाटलीत नवीन काही घातलं नव्हतं. तिन्ही ग्लासांत धणे तेवढेच होते. धण्याचा तो वास बहुतेक करून लिनॅलूल नावाच्या तेलकट द्रव्याचा असतो, आणि ते बियरमध्ये पडणाऱ्या हॉप्सच्या फुलांतही असतं. असली द्रव्यं द्रवातून उडून हवेत आली तरच नाकाला कळतात. द्रव जितका थंड, तितकी ती कमी उडतात. वहिनींना हे समजावायची गरज पडली नाही. फ्रिजमध्ये ठेवलेले धणे हुंगले तर वास येत नाही आणि तव्यावर पडले की घरभर घमघमाट सुटतो, हे त्यांना आमच्याआधीपासून ठाऊक आहे.

ही झाली नाकाची गोष्ट. जिभेची वेगळी आहे. गोड चव पोचवण्यात जिभेच्या पेशींमधलं टीआरपीएम५ नावाचं एक प्रथिन भाग घेतं आणि ते तापमानाप्रमाणे कमी-जास्त काम करतं. १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान त्याचा जोर झपाट्याने वाढतो, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. आपल्याकडे याचा पुरावा दर मे महिन्यात पानात असतो: फ्रिजमधून काढलेला हापूसचा रस आणि तोच रस तासाभराने. साखर वाढलेली नसते, पण दुसरा गोड लागतो.

आता स्टाउटचं कोडं. स्टाउटमध्ये काळपट भाजलेलं जव असतं, त्याचा कडवटपणा कॉफीसारखा. त्याला तोलून धरायला मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, उरलेला गोडवा आणि एक भरीवपणा असतो. १ अंशाला गोडवा दबतो, चॉकलेटी वास उडत नाही, आणि जळकी कड एकटी उरते. गिऱ्हाईक म्हणतं, करपलीय. तीच स्टाउट १० अंशांवर आबांनी चाखली तेव्हा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ही दुसरी असा." नव्हती.

लागर आणि एल यांत फरक कुठून येतो

आबांची विटबियर आणि स्टाउट दोन्ही एल जातीच्या, साडेसहाशेची बाटली लागर. एल बनवताना यीस्ट साधारण १५ ते २२ अंशांत काम करतं, आणि त्या उबेत ते भरपूर फळासारखे वास तयार करतं. गव्हाच्या जर्मन बियरमधला केळ्याचा वास तिथलाच. लागरचं यीस्ट वेगळ्या जातीचं. ते ८ ते १३ अंशांत सावकाश काम करतं, मग बियर आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपास मुरवत ठेवतात. 'लागर' या जर्मन शब्दाचा मूळ अर्थच साठवण. त्यामुळे लागरमध्ये ते फळांचे वास फार थोडे असतात. तिची गंमत स्वच्छपणात, हलक्या कडवटपणात आणि जिभेवर टोचणाऱ्या वायूत आहे. थंडीने तिचं कमी नुकसान होतं, कारण तिच्याकडे उडवण्यासारखंच कमी आहे. एलकडे जास्त आहे, म्हणून तिचं जास्त जातं.

मी सांगतो ते आकडे ग्लासात ओतल्यानंतरचे. रोजची फिकी लागर ३ ते ५ अंश. हॉप्सवाली नीट बनवलेली पिल्सनर ५ ते ७. गव्हाच्या बियर ५ ते ८. पेल एल आणि जास्त हॉप्सची आयपीए ७ ते १०. स्टाउट आणि पोर्टर ९ ते १२. दहा टक्क्यांच्या आसपासच्या जड एल १० ते १३. आणि किती थंड म्हणजे अति, याचं थेट उत्तर हवं असेल तर: लागर २ अंशांखाली आणि एल ५ अंशांखाली नेऊ नका. त्याखाली तुम्ही बियरचे नव्हे, बर्फाचे पैसे देता.

एक अपवाद मी खुशाल करतो. आपल्याकडची स्वस्त 'स्ट्राँग', सात-आठ टक्क्यांची, ती २-३ अंशांवरच ठीक. कोमट झाली की तिच्यातली दारूची जळजळ आणि चिकट गोडवा वर येतो. तिथे थंडी दोष झाकायलाच असते आणि ते काम ती चोख करते.

इंग्लंडात बियर गरम पितात, असं छातीठोक सांगणारा प्रत्येक टेबलावर एक असतो. तिथली पिंपातली एल ११ ते १३ अंशांवर देतात, म्हणजे तळघराचं तापमान. ती आपल्या माठातल्या पाण्याहूनही बरीच थंड असते. तारकर्लीत मे महिन्यात 'रूम टेम्परेचर' म्हणजे ३२, आणि ३२ अंशांवर कुठलीही बियर प्यावीशी वाटणार नाही.

उघडल्यावर फसफसणारी लागर

वायू थंड द्रवात जास्त विरघळतो. शून्य अंशाला पाणी २० अंशांच्या मानाने जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. म्हणजे थंड बियर शांत उघडायला हवी, आणि उघडतेही. मग आबांची लागर का उसळते?

कारण ती गोठायला लागली होती. पाच टक्क्यांची बियर उणे दोन-अडीच अंशांच्या आसपास गोठायला सुरुवात होते. साध्या बर्फाच्या पाण्यात हे होऊच शकत नाही, कारण ते शून्याखाली जात नाही. पण बर्फात मीठ पडलं की पाण्याचं तापमान उणे पाच, उणे दहा असं घसरत जातं, आणि बाटली त्याच्यामागे जाते. बर्फाचे स्फटिक बनतात ते फक्त पाण्याचे. वायू आणि दारू उरलेल्या द्रवात कोंबली जाते. झाकण काढलं की तो कोंबलेला वायू सुटायला बघतो, आणि बर्फाची प्रत्येक सुई त्याला बुडबुडा सुरू करायला जागा देते. मग फेसाचा लोट येतो, आणि बाटलीत राहते ती मेलेली, बेचव बियर.

कोकणात हे मीठ कुणी मुद्दाम न टाकताही येतं. बोटीवरच्या मासळीच्या पेटीतला उरलेला बर्फ खाऱ्या पाण्यात भिजलेला असतो आणि तोच ड्रममध्ये ओततात. समुद्राच्या पाण्याचा बर्फाशी काला उणे दोनच्या जवळ बसतो, म्हणजे बरोबर बियर गोठण्याच्या काठावर. वास लागतो तो वेगळाच.

सुया दिसल्या तर बाटली उघडू नका, हलवू नका. कूलरमध्ये उभी ठेवून रात्रभर जाऊ द्या. कॅन फुगला असेल किंवा झाकण उचललं गेलं असेल तर मात्र टाकून द्या. वितळलेली बियर पिण्याजोगी असते, पण बऱ्याचदा तळाशी बारीक कण दिसतात आणि फेस टिकत नाही. गिऱ्हाइकासमोर ती नेऊ नये. कण नसताना नुसता धुरकटपणा आला असेल तर घाबरायचं नाही. माल्टमधली प्रथिनं थंडीत एकत्र येऊन तो दिसतो आणि ग्लास जरा कोमट झाला की निवळतो.

गोठवलेला मग

हा माझा सर्वांत मोठा शत्रू. पांढरा शुभ्र, दहिवर चढलेला मग गिऱ्हाइकाला आवडतो, फोटो छान येतो. पण त्याच्या आतल्या बाजूलाही दहिवर असतं. त्यावर बियर आदळली की भलताच फेस येतो, आणि वितळलेलं पाणी बियरमध्ये मिसळतं. थोडंच मिसळतं, पण 'पाणी घातलंस' या आरोपात तेवढं तरी तथ्य निघतं.

आबांकडे आणखी एक घोटाळा होता. मग मासळीच्या फ्रीझरमध्ये, सुरमईच्या तुकड्यांवर पालथे ठेवलेले. फ्रीझरमधली वाफ मगावर गोठते ती सुरमईचा वास घेऊनच. रिकामा मग कोमट पाण्यात दोन मिनिटं धरून हुंगायला दिला तेव्हा पोरग्याने तोंड फिरवलं.

ग्लास गोठवायचं कारण लोक सांगतात की साधा ग्लास बियर गरम करतो. करतो, आणि किती ते मोजता येतं. ३० अंशांवरचा हलका, दोनशे ग्रॅमचा ग्लास आणि ४ अंशांची ३३० मिली बियर. दोघांची उष्णता वाटली गेली की बियर ७ च्या जवळ येते. साडेतीनशे ग्रॅमचा जाडजूड मग असेल तर साडेआठच्या पुढे. ओतताना सगळी काच एकदम भिजत नाही, म्हणून प्रत्यक्षात अर्ध्या-एक अंशाने कमी भरतं. पण हिशोब उलटा वाचला तर बघा: कूलर ४ वर आहे, साधा ग्लास तीन अंश वाढवतो, विटबियर ७ वर आली. तिला तेच हवं होतं. लागरसाठी ग्लास थंड पाण्याने विसळून झटकून द्या, ती ५ वर बसते. कुठेच फ्रीझर लागत नाही.

मग दमट हवेचं काय

हा आबांचा खरा मुद्दा होता आणि तो खोटा नाही. "तुझ्या सात अंशांची पाच मिनटांत कढी होईल," ते म्हणाले. कोकणात ग्लास घाटावरच्यापेक्षा लवकर कोमट होतो हे खरं, आणि त्यामागे ऊन एवढंच कारण नाही. ग्लासाबाहेर जे पाण्याचे थेंब जमतात ते हवेतली वाफ थंड काचेवर बसून झालेले असतात, आणि वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता काचेला देऊन टाकते. ३३० मिलीच्या ग्लासावर एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब, जमलं की तेवढ्यानेच बियर पावणेदोन अंशांनी चढते. आपल्या हवेत एक ग्रॅम जमायला वेळ लागत नाही. थेंब पुसून उपयोग नाही, उष्णता आत गेलेली असते.

आबांच्या पडवीत, पंख्याखाली, २ अंशांवरचा ग्लास ७ वर यायला आठ मिनिटं लागली. म्हणजे चुकून अतिथंड बियर आली तर करायचं काय याचंही उत्तर यात आहे: ग्लास दोन्ही तळव्यांत धरा आणि तळलेल्या बांगड्याकडे लक्ष द्या.

मात्र लवकर कोमट होते म्हणून आधीच गोठवून द्यायची, हा उपाय उफराटा आहे. पहिली आठ मिनिटं चव नाही, मधली पाच मिनिटं बरी, मग कोमट. त्यापेक्षा ग्लास लहान करा. ३३० मिलीची बाटली दोनदा ओता, उरलेली बाटली गोड्या पाण्याच्या बर्फात उभी ठेवा. साडेसहाशेच्या लागरला तर हे हवंच. बाटलीला फोमचं टोपडं मिळतं ते घाला, काच उघडी राहिली नाही की वाफ बसायला जागा कमी. पंखा सरळ ग्लासावर मारू नका, त्याने उष्णता आणि ओली हवा दोन्ही जास्त पोचतात.

शनिवारची सोय

मूळ दुखणं हे की शनिवारी चारला कूलरमधला माल संपतो आणि गरम पेट्या सहाला थंड हव्या असतात. हे होणार नाही, कितीही नवा कूलर आणा. साडेसहाशेची एक बाटली ३० वरून ४ वर आणायला काचेसकट सुमारे ८० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. बारा बाटल्यांची पेटी म्हणजे ९६०. पाच पेट्या म्हणजे ४८००. आबांच्या आकाराचा कूलर फार तर पावणेतीनशे वॅटने उष्णता ओढतो, म्हणजे दार एकदाही न उघडता पाच तास. बाटल्यांभोवती हवा खेळायला हवी, दार सारखं उघडतं, बाहेर ३२ अंश. मी बारा तास धरायला सांगतो. शुक्रवारी रात्री गल्ला बंद करताना कूलर भरायचा, सकाळी त्याच्याकडे बघायचंही नाही. बाटल्या मागच्या भिंतीला चिकटवायच्या नाहीत, वरपर्यंत ठासायच्या नाहीत.

तरीही माल कमी पडला तर ड्रम आहेच, फक्त बर्फ आणि नळाचं गोडं पाणी, मीठ नाही. नुसत्या बर्फाच्या चुऱ्यात बाटली ठेवली तर मधल्या हवेच्या पोकळ्यांमुळे उशीर लागतो. पाणी ओतलं की बाटलीला सगळीकडून थंडी भिडते. कॅन पंधरा मिनिटांत, मोठी बाटली अर्ध्या तासात पिण्यालायक होते. एका पेटीला वितळायला तीन किलो बर्फ हिशोबाने लागतो, पण उघड्या ड्रमला सहा किलो धरा. यातलं सर्वांत चांगलं हे की विसरलात तरी बाटली शून्याखाली जात नाही. एलची बाटली ड्रममधून काढल्यावर दहा मिनिटं टेबलावर राहू द्या.

स्टाउट आणि आयपीएसाठी मी आबांच्या घरातला जुना एकदारी फ्रिज बाहेर काढला. त्याची कळ सर्वांत कमीवर ठेवली, मधल्या फळीवर ९ अंश मिळाले. घरच्यांसाठी म्हणून सांगतो: साध्या फ्रिजमध्ये आतल्या फळीवर मागे ३-४ अंश असतात, दाराच्या कप्प्यात ७-८. लागर मागे, एल दारात. एवढ्यावर भागतं.

दोन गोष्टी तपासून घ्या, नाहीतर सगळं करूनही तक्रार राहील. योग्य तापमानावरही बियरला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती जुनी झालीय किंवा टेम्पोत आणि गोदामात उन्हाळा सोसून आलीय. तिथे कूलर काही करू शकत नाही, पेटी परत करा. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात राहिली असेल तर हॉप्समधल्या द्रव्यांवर प्रकाश पडून जळलेल्या रबरासारखा उग्र वास येतो. कूलरच्या ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने राहिलेल्या बाटलीलाही येतो. हे दोन्ही दोष १ अंशावर लपतात. म्हणून पेटी घेताना एक बाटली १२ अंशांवर चाखून बघायची सवय मी आबांना लावली. एकदा थंड झालेली बाटली परत कोमट झाली की बिघडते, ही मात्र अफवा. एक-दोनदा असं झाल्याने काही होत नाही, दिवसच्या दिवस उकाड्यात राहण्याने होतं.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम जेवायला गेलो. विटबियरबद्दल कुणी काही बोललं नाही. लागर उसळली नाही. एका टेबलावरून स्टाउट परत आली, "थंड नाय हा" म्हणून. पोरग्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्यांना दुसरी मोठी लागर दे, ४ अंशांवरची, आणि ती स्टाउट इकडे आण.